खोल्याखोल्यांतल्या वाय-फाय नोंदींवरून राउटरची जागा कशी ठरवावी

बहुतेक घरांत राउटरची जागा फायबर जोडायला आलेला माणूस ठरवतो. मुख्य दारापाशी वायर आत येते, जवळ प्लग असतो आणि राउटर टीव्हीच्या युनिटमागे बसतो. पुढे आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल तुटू लागला की आपण प्लॅन वाढवतो किंवा महागडा राउटर आणतो. पण तक्रार पुष्कळदा जागेची असते आणि ती जागा मोबाइलवर घेतलेल्या काही स्क्रीनशॉट्सवरून पक्की ठरवता येते. अट एवढीच, की ते स्क्रीनशॉट एकमेकांशी ताडून पाहता येतील अशा शिस्तीने घेतलेले असावेत आणि त्यांतून योग्य तो आकडा निवडून वाचावा. या लेखात नेहमीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे उदाहरण घेऊन ही पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडली आहे.

नोंदीतला आकडा काय सांगतो

स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या वाय-फायच्या तीन-चार पट्ट्या या कामाच्या नाहीत. प्रत्येक कंपनी पट्टी कधी भरायची हे आपापल्या मनाने ठरवते आणि पूर्ण भरलेल्या पट्ट्यांमागे बराच मोठा फरक दडलेला असू शकतो. आपल्याला हवा आहे तो डीबीएम या एककातला आकडा, जो स्क्रीनवर `-67 dBm` असा दिसतो. हा आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस. -४५ चांगला आणि -८० वाईट, हे एकदा मनात पक्के केले की पुढचा गोंधळ टळतो.

ही मोजपट्टी सरळ चालीची नाही. आकडा तीनने घसरला की पोहोचणारी शक्ती निम्मी होते आणि दहाने घसरला की ती एक दशांशावर येते. मात्र वापरणाऱ्याला त्याचा परिणाम सर्वत्र सारखा जाणवत नाही. -५० च्या वरचा सिग्नल आणखी वाढला तरी घरगुती वापरात फारसा फरक पडत नाही. -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन वर्ग निर्धास्त चालतात. -७० नंतर वेग उतरू लागतो, -७५ च्या खाली कॉल अडखळतो आणि -८० च्या पुढे जोडणी टिकेलच याचा भरवसा राहत नाही. या सगळ्यांतला -६७ हा आकडा मी मुख्य कसोटी मानतो आणि पुढचा सारा निर्णय त्याच्याभोवती फिरतो.

-६७ वर थांबण्याचे आणखी एक कारण आहे. स्क्रीनशॉटमधला आकडा मोबाइलला राउटर किती जोरात ऐकू येतो तेवढेच सांगतो. उलट दिशेने, म्हणजे मोबाइलचे राउटरला किती ऐकू जाते, हे त्यात दिसत नाही, आणि मोबाइलची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा सहसा कमी असते. त्यामुळे -७५ च्या जागी आपल्याला समोरचा माणूस नीट दिसतो, पण त्याला मात्र आपला आवाज तुटक ऐकू येतो. ‘मला तुमचे सगळे ऐकू येते, तुम्हालाच माझे येत नाही’ असा अनुभव घरातल्या एका ठरावीक खोलीतच येत असेल, तर तिथली नोंद आधी घ्यावी.

स्क्रीनशॉट कशाचा घ्यायचा

अँड्रॉइडवर `WiFiAnalyzer` किंवा तत्सम कोणतेही मोफत ॲप चालते. आसपासची नेटवर्क शोधण्यासाठी त्याला लोकेशनची परवानगी द्यावी लागते आणि फोनचे लोकेशन चालूही ठेवावे लागते. ॲपच्या यादीत आपल्या नेटवर्कचे नाव, राउटरचा हार्डवेअर पत्ता, चॅनेल, मेगाहर्ट्झमधली वारंवारता आणि डीबीएमचा आकडा एकत्र दिसतात. स्क्रीनशॉटमध्ये या पाचही गोष्टी आल्या पाहिजेत. आकडा वाचून कागदावर टिपण्याऐवजी स्क्रीनशॉटच का घ्यायचा, याचे उत्तर यातच आहे: मापन करताना लक्षात न आलेली चूक नंतर चित्रात सापडते. अशी काही ॲप नेटवर्कच्या शेजारी मीटरमधले अंतरही दाखवतात, पण ते मोकळ्या हवेच्या सूत्रावरून काढलेले असते आणि भिंतींचा हिशेब त्यात नसतो, म्हणून त्याकडे पाहू नये.

आयफोनवर इतर ॲपना हा आकडा सहसा मिळत नाही. त्यासाठी ॲपलचेच `AirPort Utility` घ्यावे आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपचे `Wi-Fi Scanner` चालू करावे. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की `RSSI` या नावाखाली हाच आकडा दिसतो. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
netsh wlan show interfaces
```

यात `Signal` समोर टक्केवारी येते. तिची निमपट करून त्यातून १०० वजा केले की अंदाजे डीबीएम मिळतात. उदाहरणार्थ ६६ टक्के म्हणजे ३३ वजा १००, अर्थात -६७. कोणतेही साधन वापरले तरी चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते एकच असले पाहिजे. दोन वेगवेगळे फोन एकाच टेबलावर शेजारी ठेवले तरी त्यांच्या आकड्यांत पाच-सात डेसिबलचा फरक सहज पडतो, कारण प्रत्येकाचा अँटेना वेगळा असतो. एक जागा एका फोनने आणि दुसरी दुसऱ्या फोनने मोजली, तर आपण जागांची नव्हे, फोनची तुलना करत बसतो.

मोजण्याआधी राउटर एका स्थितीत बांधून घेणे

आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वारंवारतेच्या दोन पट्ट्यांवर चालतात आणि बरेचदा दोन्हींना एकच नाव असते. फोन जवळ असताना ५ वर राहतो आणि दूर गेला की गुपचूप २.४ वर उतरतो. २.४ चा सिग्नल भिंतींतून तुलनेने बरा जातो, त्यामुळे लांबच्या खोलीत आकडा अचानक चांगला दिसू लागतो आणि आपली फसगत होते. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जावे. तिचा पत्ता आणि पासवर्ड सहसा राउटरखालच्या स्टिकरवर असतात. तिथे दोन्ही पट्ट्या एकत्र ठेवणारी सोय, जिला अनेक राउटरवर `Smart Connect` म्हणतात, ती तात्पुरती बंद करावी आणि दोघांना वेगवेगळी नावे द्यावीत. निर्णय ५ गिगाहर्ट्झच्या नोंदींवर घ्यावा. वेग तिथेच मिळतो आणि भिंतींपुढे तीच पट्टी आधी हार मानते. तिच्यासाठी योग्य ठरलेली जागा २.४ साठी जवळजवळ नेहमीच पुरेशी ठरते.

त्याच वेळी ५ गिगाहर्ट्झचे चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एकावर पक्के करावे. ऑटोवर ठेवलेला राउटर प्रत्येक वेळी बंद-चालू केल्यावर वेगळे चॅनेल निवडू शकतो. वेगवेगळ्या चॅनेलवर त्याची शक्तीही वेगवेगळी असू शकते, त्यामुळे दिसलेला फरक जागेचा की चॅनेलचा हे कळत नाही. मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला प्राधान्य असते. तिथे राउटर सुरू झाल्यावर निदान मिनिटभर नुसता ऐकत बसतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडतो, म्हणून मोजणीसाठी ती टाळावीत. राउटरला बाहेरचे अँटेना असतील तर ते सगळे सरळ उभे ठेवावेत. उभ्या दांड्याचा सिग्नल चहूकडे आडवा पसरतो आणि दांड्याच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातो, त्यामुळे एकाच मजल्याच्या घरासाठी उभी मांडणी योग्य असते.

घरात राउटरचा सिग्नल पुढे पोहोचवणारा जुना रिपीटर किंवा मेशचा दुसरा डबा असेल तर तो मोजणीपुरता बंद करावा, नाहीतर आतल्या खोलीतला आकडा त्याचा असेल आणि आपण तो राउटरचा समजू.

आता सर्वांत उपयोगी गोष्ट. सिग्नलची ताकद मोजायला इंटरनेट लागत नाही. राउटरला फक्त वीज मिळाली की तो आपले नेटवर्क प्रक्षेपित करू लागतो. त्यामुळे वायर कुठवर पोहोचेल याचा विचार न करता, एका लांब एक्स्टेन्शन बोर्डाच्या आधारे राउटर घरात कुठेही ठेवून पाहता येतो. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असे फोन विचारेल, त्याला होकार द्यावा, आणि मोजणी होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवावा म्हणजे फोन परस्पर नेटवर्क सोडणार नाही. फायबरचे यंत्र आणि राउटर एकाच डब्यात असतील तर फायबरचा जोड हलक्या हाताने काढावा, दोन्ही उघड्या टोकांना टोपणे लावावीत आणि फायबरच्या टोकात डोळे लावून पाहू नये. बारीक धूळ बसली तरी फायबरचा सिग्नल घसरतो. हे करणे नको वाटत असेल तर घरातला एखादा जुना, ५ गिगाहर्ट्झचा राउटर वापरावा. आकडे थोडे वेगळे येतील, पण जागांची आपसातली क्रमवारी बहुधा तीच राहील.

कुठे उभे राहायचे आणि कसे मोजायचे

खोलीच्या मध्यभागी उभे राहून मोजण्याचा प्रघात आहे, पण खोलीच्या मध्यभागी कोणी काम करत नाही. मोजणीची ठिकाणे म्हणजे आपण खरोखर जिथे बसतो त्या जागा: कामाचे टेबल, मुलांची अभ्यासाची जागा, सोफा, पलंगाची उशाकडची बाजू, ओट्यावरची मोबाइल ठेवण्याची जागा. अशी पाच-सहा ठिकाणे निश्चित करावीत आणि त्यांतल्या ज्या ठिकाणी सिग्नल तुटला तर खरेच नुकसान होते त्यांवर खूण करावी. ही खूण आकडे पाहण्याआधी केलेली बरी. नंतर केली की आवडत्या जागेच्या बाजूने मन झुकते.

प्रत्येक ठिकाणी फोन टेबलाच्या उंचीवर, शक्यतो एखाद्या पुस्तकावर किंवा खोक्यावर मोकळा ठेवावा. हाताने घट्ट धरलेला फोन आणि फोन व राउटर यांच्यामध्ये उभा असलेला माणूस हे दोन्ही काही डेसिबल सहज खातात, कारण शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. खोल्यांची दारे रोज कामाच्या वेळी जशी असतात तशीच ठेवावीत. जो माणूस दार लावून मीटिंग करतो त्याच्या खोलीचे दार मोजतानाही लावलेले असावे.

त्यानंतर थांबावे. अँड्रॉइड ९ पासून कोणत्याही ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा नवा शोध घेता येतो. म्हणजे स्क्रीनवरचा आकडा अर्ध्या मिनिटापूर्वीचा, मागच्या खोलीतला असू शकतो. लगोलग घेतलेल्या दोन खोल्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये तंतोतंत तोच आकडा आणि शेजाऱ्यांच्या नेटवर्कचेही तेच आकडे दिसले, तर दुसरा स्क्रीनशॉट शिळा आहे असे खुशाल समजावे. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून मगच स्क्रीनशॉट घेणे हा साधा उपाय आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Wi-Fi scan throttling` हे बटण असते. ते बंद केले की ही मर्यादा उठते.

एका ठिकाणी एकच स्क्रीनशॉट पुरत नाही. ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर लांबीची असते. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरीत मिसळून कुठे तिला वाढवतात, कुठे मारतात, त्यामुळे फोन चार बोटे सरकला तरी आकडा पाच डेसिबलने हलू शकतो. म्हणून एकाच टेबलावर वीतभर अंतराने तीन वेळा मोजावे आणि तिन्हींतला मधला आकडा धरावा. -६१, -६८ आणि -६४ आले तर नोंद -६४. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखादा भलताच निघालेला आकडा त्याला ओढून नेत नाही.

स्क्रीनशॉट घेतल्याबरोबर फोनच्या एडिटमध्ये जाऊन त्यावर बोटाने ‘क – टेबल’ असे लिहावे, म्हणजे राउटर क या जागी असताना टेबलावर घेतलेली नोंद. हे न केल्यास संध्याकाळी गॅलरीत एकसारखी दिसणारी चित्रे राहतात आणि कोणते कुठले ते वेळेवरून शोधत बसावे लागते. हे स्क्रीनशॉट कोणाला सल्ल्यासाठी पाठवायचे असतील, तर राउटरचा हार्डवेअर पत्ता आणि शेजाऱ्यांची नेटवर्क कापून पाठवावीत. अशा पत्त्यांवरून घराचे ठिकाण शोधता येईल अशा सूची उपलब्ध आहेत.

उमेदवार जागा निवडणे

घरभर राउटर फिरवत बसण्याची गरज नसते. तीन-चार जागा विचारपूर्वक निवडल्या की पुरते, आणि त्यासाठी सिग्नल कुठे किती खर्च होतो याचा ढोबळ अंदाज हवा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल जातात. हे नुकसान सुरुवातीला मोठे वाटते, पण घराच्या आत तीन मीटरचे सहा मीटर झाले तरी जातात सहाच. भिंती मात्र जबर वसूल करतात. लाकडी दार तीन-चार डेसिबल घेते, चार-साडेचार इंची विटेची भिंत ५ गिगाहर्ट्झवर साधारण पाच ते दहा, आणि आरसीसीची भिंत किंवा खांब पंधरा ते पंचवीस किंवा त्याहूनही अधिक. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फ्रीज यांतून सिग्नल जवळजवळ जातच नाही, तो त्यांना वळसा घालूनच पुढे येतो. म्हणून जागा निवडताना अंतर मोजण्यापेक्षा राउटरपासून टेबलापर्यंत मनात एक सरळ रेषा ओढावी आणि ती कशाकशाला छेदते ते पाहावे. रेषा भिंतीला तिरकी छेदत असेल तर तिला जाडी जास्त पार करावी लागते. न्हाणीघरातून जाणारी रेषा सर्वांत वाईट, कारण तिथे टाइल्स, नळ, पाणी आणि आरसा असे सगळेच एकत्र असतात.

एक जागा आजची असावी, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. दुसरी तीच जागा, पण उंचावर. तिसरी घराच्या मध्याजवळ, जिथून पॅसेज आणि दारे यांच्यातून जास्तीत जास्त ठिकाणे दिसतात. चौथी, हवी तर, सर्वांत महत्त्वाच्या खोलीतच.

एक फ्लॅट, चार जागा

पुण्याच्या उपनगरात असतो तसा सुमारे ८५० चौरस फुटांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. दारातून आत आले की हॉल, त्याला लागून पूर्वेला बाल्कनी आणि दक्षिणेला स्वयंपाकघर. हॉलमधून पश्चिमेला पॅसेज निघतो. त्याच्या एका बाजूला न्हाणीघर, दुसऱ्या बाजूला लहान बेडरूम आणि टोकाला मोठी बेडरूम, जिच्या पलीकडच्या भिंतीला कामाचे टेबल आहे. फायबर हॉलमध्ये टीव्हीच्या युनिटपाशी येते. घरातल्या आतल्या भिंती विटेच्या आहेत. खूण केलेली ठिकाणे दोन: कामाचे टेबल आणि लहान बेडरूममधली अभ्यासाची जागा. जागा अ म्हणजे आजची, युनिटच्या खालच्या कप्प्यातली. ब म्हणजे त्याच भिंतीवर माणसाच्या डोक्याहून उंच. क म्हणजे पॅसेजच्या तोंडाशी भिंतीवरची फळी. ड म्हणजे मोठी बेडरूम. सर्व आकडे ५ गिगाहर्ट्झचे, डीबीएममध्ये, आणि तीन नोंदींतले मधले आहेत.

| ठिकाण | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|
| सोफा | -४१ | -३८ | -५२ | -७० |
| ओटा | -६२ | -५८ | -६१ | -७४ |
| कामाचे टेबल | -७८ | -७४ | -६४ | -३९ |
| अभ्यासाची जागा | -७१ | -६८ | -६० | -५६ |
| बाल्कनी | -६६ | -६३ | -७२ | -८० |

या तक्त्याकडे पाहून अनेक जण प्रत्येक स्तंभाची सरासरी काढतात. ती अ साठी सुमारे -६४, ब साठी -६०, क साठी -६२ आणि ड साठी -६४ येते. म्हणजे सरासरीच्या न्यायाने ब जिंकते आणि राउटर टीव्हीच्या वर चढतो. पण ब जागेला ही आघाडी मुख्यतः सोफ्यावरच्या -३८ ने मिळवून दिली आहे, आणि तिथे -३८ ऐवजी -५२ असते तरी पाहणाऱ्याला काहीच फरक जाणवला नसता. ज्या टेबलासाठी हा सारा खटाटोप चालला आहे तिथे ब जागेवरूनही -७४ च मिळतात. सरासरी अशी जिथे गरज नाही तिथल्या श्रीमंतीने जिथे गरज आहे तिथली गरिबी झाकते.

म्हणून तक्ता वाचायचा तो उलट बाजूने. प्रत्येक स्तंभात आधी खूण केलेल्या ठिकाणांचा सर्वांत वाईट आकडा शोधावा. अ मध्ये तो -७८, ब मध्ये -७४, क मध्ये -६४ आणि ड मध्ये -५६ आहे. -६७ ची कसोटी क आणि ड या दोनच जागा पार करतात. मग या दोघींत इतर ठिकाणांचे हाल किती होतात ते पाहावे. ड मध्ये सोफा -७० वर आणि ओटा -७४ वर जातो, म्हणजे संध्याकाळी घर जिथे जमते तिथेच अडचण. क मध्ये बाल्कनी सोडून सगळी ठिकाणे कसोटीच्या आत आहेत. निवड क. बाल्कनीसाठी त्याच जागेवरून २.४ गिगाहर्ट्झचा एक स्क्रीनशॉट घ्यावा. तो -६० च्या आसपास आला तर तिथे बसून बातम्या वाचायला आणि गाणी ऐकायला तेवढे भरपूर आहे.

कोणत्याही दोन जागांमधला फरक तीन डेसिबलपेक्षा कमी असेल तर तो फरकच नाही असे धरावे आणि जिथे वायर नेणे सोपे ती जागा घ्यावी. एवढा चढउतार मोजणीच्या चुकीतच मावतो.

हे आकडे असे का आले हेही तपासावे, कारण कारण कळले नाही तर निकालावर विश्वास बसत नाही. अ आणि ब या जागांवरून टेबलाकडे जाणारी रेषा न्हाणीघरातून तिरकी जाते. राउटर वर चढवल्याने युनिटचा आणि टीव्हीचा अडथळा सुटला, म्हणून सगळीकडे तीन-चार डेसिबलचा फायदा झाला, पण न्हाणीघर मध्ये राहिलेच. क वरून मात्र सिग्नल पॅसेजमधून सरळ जातो आणि वाटेत फक्त बंद लाकडी दार येते. उंचीचा फायदा हा असा मर्यादित असतो. भिंतींची संख्या कमी झाल्याशिवाय दहा डेसिबलची झेप क्वचितच मिळते.

निवडलेल्या जागेतली शेवटची फूटभर सरकवासरकव

जागा ठरली म्हणजे काम संपले असे नाही, कारण पॅसेजच्या तोंडाशी वर आरसीसीची तुळई असते. तुळईला चिकटून, छताजवळ फळी मारली तर वर वाचवलेले डेसिबल तिथेच जातात. राउटर तुळईच्या खालच्या कडेपेक्षा फूटभर खाली आणि खांबापासून तितकाच दूर ठेवून पुन्हा फक्त टेबलावरचे तीन स्क्रीनशॉट घ्यावेत. मग तो डावीकडे-उजवीकडे वीतभर सरकवून पाहावे. चारपाच डेसिबलचा फायदा सातत्याने दिसला तर ती जागा घ्यावी. एखाद्याच नोंदीत दिसला तर तो लहरींच्या मिसळणीचा योगायोग आहे. फळीला भोके पाडण्याआधी हे सगळे दुहेरी चिकटपट्टीवर किंवा शिडीवर राउटर ठेवून करता येते.

क पर्यंत इंटरनेट न्यायला फायबर लांबवण्याची गरज सहसा नसते. फायबरचे यंत्र दारापाशीच राहू द्यावे आणि तिथून राउटरच्या `WAN` पोर्टपर्यंत कॅट ६ ची लॅन केबल स्कर्टिंगच्या कडेने न्यावी. शंभर मीटरपर्यंत तिच्या वेगात घट होत नाही, आणि फ्लॅटमध्ये दहा-पंधरा मीटरच लागते. फायबरच्या यंत्रातच वाय-फाय असेल तर नवा राउटर लावल्यावर त्याचे वाय-फाय बंद करावे. नाहीतर हॉलमध्ये फोन जुन्याला चिकटून राहतो आणि बेडरूममध्ये गेल्यावरही लवकर सोडत नाही. राउटरसाठी विजेचा पॉइंट जवळ आहे का, हे वायरमनला बोलावण्याआधी पाहावे. पॅसेजच्या दिव्याच्या बोर्डावर तो अनेकदा असतो.

सगळे पक्के बसल्यावर दोन्ही पट्ट्यांची नावे पुन्हा एक करता येतात, आणि मग टेबलावर एक वेगाची चाचणी आणि एक खराखुरा व्हिडिओ कॉल घ्यावा. इथे आकडा -६४ असूनही वेग पडत असेल, तर दोष जागेचा नाही. तेच स्क्रीनशॉट पुन्हा उघडावेत आणि आपल्या चॅनेलवर शेजाऱ्यांची किती नेटवर्क -७० पेक्षा जोरकस दिसतात ते मोजावे. मोठ्या सोसायट्यांत २.४ वर ही गर्दी नेहमीची असते. तिथे १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल घ्यावे, ५ वर तर बरेचदा दुसऱ्या चॅनेलसमूहात गेले की प्रश्न मिटतो. शेजारी फक्त संध्याकाळीच गर्दी करत असतील तर चॅनेल ठरवायचे स्क्रीनशॉटही संध्याकाळचेच हवेत.

एकही जागा पुरत नाही तेव्हा

सगळीच घरे विटेची नसतात. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, मायव्हान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारती वाढल्या आहेत आणि त्यांत आतल्या भिंतीही आरसीसीच्या असतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जुन्या घरांच्या भिंती फूटभर किंवा त्याहून जाड असतात. दुमजली बंगल्यात मध्ये स्लॅब येतो. अशा घरांत चारही स्तंभांत खूण केलेले एखादे ठिकाण -७० च्या खालीच राहते. तसे दिसले की जागा शोधणे थांबवावे, कारण तक्त्याने उत्तर दिले आहे: एका राउटरने हे घर भागणार नाही.

दुसरा डबा कुठे ठेवायचा हे मात्र त्याच स्क्रीनशॉट्सवरून कळते. लॅन केबल नेता येत असेल तर तो सरळ अडचणीच्या खोलीतच ठेवावा. केबल नेता येत नसेल आणि बिनतारी मेश वापरायचे असेल, तर तो त्या खोलीत ठेवू नये, कारण पहिल्या राउटरचा तिथे पोहोचणारा -७८ चा सिग्नलच तो पुढे वाटणार आहे. पहिल्या राउटरची ५ गिगाहर्ट्झची नोंद जिथे -६० ते -६५ आहे आणि जिथून पुढच्या खोलीकडे एकच भिंत किंवा दार उरते, अशी वाटेतली जागा तक्त्यात शोधावी. ती बहुधा पॅसेजमध्ये किंवा जिन्याच्या वळणावर सापडते. दुसरा डबा तिथे ठेवून पुन्हा तीन स्क्रीनशॉट घ्यावेत आणि या वेळी आकड्याबरोबर हार्डवेअर पत्ताही पाहावा. फोन नव्या डब्याला जोडला गेला आहे की अजून जुन्यालाच धरून आहे, हे त्या पत्त्यावरूनच कळते.